या चुका टाळा: एएम रेडिओच्या डिटेक्टरमध्ये 103 लावून मोकळं होऊ नका

एएम रिसीव्हरच्या एन्व्हलप डिटेक्टरमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आरसी गुणाकार "मधलाच कुठला तरी" घेणं. मीपण हेच केलं होतं. आयएफ 455 किलोहर्ट्झ, म्हणजे एक सायकल साधारण 2.2 मायक्रोसेकंदाची, आणि वरचा ऑडिओ 5 किलोहर्ट्झ, त्याची सायकल 200 मायक्रोसेकंदाची, मग 10 के रेझिस्टरला 103 लिहिलेला, म्हणजे 10 नॅनोफॅरडचा सिरॅमिक कॅपॅसिटर लावला की झाले 100 मायक्रोसेकंद, दोन्हींच्या मधे, अजून काय पाहिजे!

जनरेटरवर 1 किलोहर्ट्झ आणि 30 टक्के मॉड्युलेशन देऊन बघितलं तर साइन वेव्ह एकदम स्वच्छ. स्टेशन लावलं की मात्र निवेदक जोरात बोलला रे बोलला की आवाज खरखरीत, फाटल्यासारखा.

गडबड अशी की आरसीची मर्यादा फक्त फ्रिक्वेन्सीवर नाही, मॉड्युलेशनच्या खोलीवरपण ठरते. खाली fm म्हणजे ऑडिओची फ्रिक्वेन्सी आणि m म्हणजे ती खोली, 30 टक्क्यांना 0.3:

```
RC ≤ √(1 − m²) / (2π · fm · m)
```

100 मायक्रोसेकंदाला 30 टक्क्यांवर जवळपास 5 किलोहर्ट्झपर्यंत चालतं, म्हणून टेस्टमध्ये काहीच दिसलं नाही. तोच m 0.8 केला की मर्यादा थेट 1.2 किलोहर्ट्झवर येते. त्याच्या वर एन्व्हलप इतक्या झपाट्याने खाली उतरतो की कॅपॅसिटर तेवढ्या वेगाने रिकामाच होत नाही, डायोड बंद पडून राहतो आणि आउटपुट खाली येताना तिरकी रेघ मारत दरी चुकवतं. हेच ते डायगोनल क्लिपिंग.

आता 5 किलोहर्ट्झ आणि 0.8 धरून मांडा: 0.6 भागिले साधारण 25,100, म्हणजे जवळपास 24 मायक्रोसेकंद. 10 के ला 2.2 नॅनोफॅरड (वर 222 लिहिलेला) लावला की 22 होतात, बसलं. 90 टक्क्यांवर हासुद्धा 3.5 किलोहर्ट्झच्या पुढे कमी पडतो, पण बोलण्यात वरच्या फ्रिक्वेन्सी एवढ्या जोरदार क्वचितच असतात त्यामुळे मला चालतं. घाबरून अजून खाली जाऊ नका, आयएफचा रिपल ऑडिओत घुसतो. आणि हो, 470 ओहम टाकून पुढे दुसरा कॅपॅसिटर असेल तर तोपण मोजा, ऑडिओला ते दोन्ही मिळून एकच दिसतात, हे मी एकदा विसरलोय.

अजून एक, सी बदलून बदलून थकलात आणि फरकच पडत नाही? मग 80 टक्के तसंच ठेवून ऑडिओ 400 हर्ट्झवर आणा. तिरकी रेघ गेली तर दोष आरसीचा. खालचं टोक सपाट कापलेलंच राहिलं तर तो वेगळा आजार, कपलिंग कॅपॅसिटरच्या पलीकडचा लोड जड आहे. डिटेक्टरचा रेझिस्टर 10 के आणि पुढच्या स्टेजचा इनपुटपण 10 के, तर ऑडिओला 5 केच दिसतो आणि 50 टक्क्यांच्या वर टोकं कापली जाणारच. तिथे कॅपॅसिटरला हात न लावता पुढच्या स्टेजचा इनपुट 47 के च्या आसपास न्या, मर्यादा 80 टक्क्यांच्या थोडी वर जाते.