नेतृत्वाचे वर्तननिर्देशक लिहिताना या चुका टाळा

समजा, रत्नागिरीकडच्या एखाद्या मासळी प्रक्रिया कारखान्यात रात्रपाळीला फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. सोलायच्या टेबलांवर कोळंबी पसरलेली आहे, बाहेर म्हाकुळाचा टेम्पो उभा आहे आणि मेकॅनिक यायला तास-दीड तास लागणार आहे. सकाळपर्यंत सुपरवायझरने कसंबसं सगळं निभावून नेलं. वर्षअखेरीला ‘दबावाखाली शांत राहून टीमला प्रभावी दिशा देतो’ या वर्तननिर्देशकासमोर, म्हणजे मूल्यमापनाच्या फॉर्मवरच्या या ओळीसमोर, उत्पादन व्यवस्थापकाने त्याला ५ पैकी ४ दिले, तर क्वालिटी व्यवस्थापकाने २.

दोघांनी एकच रात्र पाहिली होती आणि खोटं कुणीच बोलत नव्हतं. एकाने पाहिलं की सकाळी माल पॅक झाला. दुसऱ्याने पाहिलं की टेम्पोतल्या मालाचं काय करायचं हे तासभर कुणी ठरवलंच नाही आणि तेवढ्यात तापमान चढलं. ‘शांत’, ‘प्रभावी’, ‘दिशा’ या शब्दांत दोन्ही अर्थ बसतात. अशा वेळी एचआर विभाग व्यवस्थापकांना रेटिंगचं प्रशिक्षण देतो. त्याआधी आपण लिहिलेली ओळ तपासलेली बरी.

पहिली चूक : माणसाचं वर्णन लिहिणं, कृतीचं नाही

‘पुढाकार घेतो’, ‘जबाबदारीची जाणीव आहे’, ‘टीमला प्रेरित करतो’ ही माणसाबद्दलची मतं आहेत. मत वाचून मतच सुचतं. व्यवस्थापक ओळ वाचतो, माणूस डोळ्यांपुढे आणतो, तो एकंदर बरा वाटतो की नाही ते ठरवतो आणि आकडा टाकतो. मग निर्णय, संवाद अशा सगळ्या सक्षमतांवर एका माणसाला तेच तेच आकडे पडतात. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने ही खोड १९२० मध्येच दाखवून दिली होती.

तपासायला एक साधी युक्ती आहे. ओळ वाचा आणि विचारा, हे मोबाइलच्या व्हिडिओत दिसलं असतं का? ‘बर्फ कुणी आणायचा ते नाव घेऊन सांगितलं’ हे दिसतं आणि ऐकूही येतं. ‘प्रेरित केलं’ हे दिसत नाही.

याच चुकीचा चुलतभाऊ म्हणजे परिणामाला वर्तन समजणं. ‘पाळीचं उत्पादन उद्दिष्टाइतकं ठेवतो’ ही ओळ मोजायला सोपी असल्यामुळे सगळ्यांना आवडते. पण बोटींना मासळी किती लागली, वादळाचा इशारा किती दिवस होता, वीज किती वेळा गेली, यातलं काहीच सुपरवायझरच्या हातात नसतं. उत्पादनाचा हिशेब स्वतंत्र ठेवा. नेतृत्वाच्या खात्यात तो घातलात, तर ज्याच्या पाळीला चांगला माल येतो तो चांगला नेता ठरतो.

दुसरी चूक : क्रियाविशेषणांनी पायऱ्या पाडणं

कागदावर सर्वात नीटनेटकी आणि वापरायला सर्वात निरुपयोगी पट्टी ही : १ – क्वचित, २ – कधीकधी, ३ – बऱ्याचदा, ४ – बहुतेक वेळा, ५ – नेहमी. वाक्य एकच, फक्त शब्द बदलतो. ‘बऱ्याचदा’ म्हणजे दहातून चार की आठ, हे प्रत्येक जण आपापल्या मनाने ठरवतो. शिवाय वारंवारता संधीवर अवलंबून असते. ज्याच्या दिवसपाळीत वर्षभर काही बिघडलंच नाही, त्याने अडचणीत निर्णय ‘क्वचित’ घेतले, हे खरंच आहे. म्हणून त्याला १ द्यायचा का?

यावर दोन गोष्टी करायच्या. पट्टीबाहेर ‘संधी आली नाही’ असा एक रकाना द्यायचा आणि तो भरला तर ती ओळ सरासरीत धरायची नाही. आणि प्रत्येक पायरीवर किती वेळा याऐवजी काय वेगळं केलं ते लिहायचं.

तिसरी चूक : एका ओळीत दोन माणसं बसवणं

‘स्पष्ट सूचना देतो आणि टीमचं ऐकून घेतो.’ सूचना खणखणीत देणारा पण कुणाचं न ऐकणारा सुपरवायझर प्रत्येक कारखान्यात एक तरी असतो. त्याला किती द्यायचे? एक व्यवस्थापक पहिल्या अर्ध्याला गुण देतो, दुसरा दुसऱ्याला. ‘आणि’, ‘तसेच’, ‘त्याचबरोबर’ दिसलं की तिथे ओळ तोडा.

मग ओळ लिहायची कशी

ऑफिसात बसून नाही, हे पहिलं. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनागनने १९५४ मध्ये मांडलेली घटना गोळा करण्याची पद्धत आजही पुरते. ज्यांनी काम जवळून पाहिलंय त्यांना विचारायचं : या सीझनमध्ये काम अडलं तेव्हा पाळी कुणी चांगली सांभाळली किंवा बिघडवली अशी एक वेळ सांगा. काय झालं होतं, त्याने नेमकं काय केलं, पुढे काय झालं? नाव नको, घटना हवी.

फक्त व्यवस्थापकांना विचारू नका. कोळंबी सोलणाऱ्या बायका, कॉम्प्रेसर ऑपरेटर, क्वालिटीची पोरं यांनी सुपरवायझरला तासन्‌तास पाहिलेलं असतं. मालवणकडची एखादी बाई ‘तो आरडता खूप, पण कोणी काय करूचा ता सांगणा नाय’ म्हणाली, तर कमकुवत पायरीचं वर्णन तुम्हाला आयतं मिळालं. सल्लागारांच्या तयार फ्रेमवर्कमध्ये हे सापडत नाही.

घटना जमल्या की वरच्या प्रसंगातला एकच धागा उचलू : काम थांबल्यावर मालाबाबतचा निर्णय. कुणाला काय सांगतो, पुढच्या पाळीला काय सोपवतो, हे वेगळे निर्देशक होतील. ते इथे मिसळायचे नाहीत. पट्टी अशी होईल :

१ – निर्णय घेत नाही. क्रेट होते तिथेच राहतात. विचारलं तर ‘साहेबांना फोन लावलाय’ एवढंच उत्तर मिळतं.

३ – माल सुरक्षित करतो, पण वरून सांगितल्यावर. स्वतःच्या अधिकारात असलेलं कामही, म्हणजे उघड्या मालावर बर्फ टाकणं किंवा नवा माल आत घेणं थांबवणं, आधी विचारून मगच करतो.

५ – आपल्या अधिकारातला निर्णय न विचारता लगेच घेतो. अधिकाराबाहेरचा, उदाहरणार्थ लॉट नाकारणं, त्याच वेळी योग्य माणसापुढे मांडतो.

२ आणि ४ मुद्दाम मोकळे ठेवले आहेत. दोन पायऱ्यांच्या मधलं वर्तन दिसलं तर ते वापरायचे. पाचही जागा शब्दांनी भरायला गेलं की लेखक पुन्हा ‘बऱ्याचदा’कडे वळतो.

५ची पायरी ‘सगळं स्वतःच ठरवतो’ अशी नाही, हे लक्षात घ्या. लॉट नाकारण्याचा अधिकार क्वालिटीकडे असेल, तर तो परस्पर वापरणाऱ्याला वरचा गुण मिळता कामा नये. बऱ्याच फ्रेमवर्कमध्ये वरची पायरी म्हणजे तीच गोष्ट जास्त जोरात, असं होऊन बसतं. अधिकार कुठे संपतो हे कारखान्यात लेखी नसेल, तर आधी ते लिहा. नाहीतर ही पट्टी चालणार नाही.

चौथी चूक : न तपासता वापरायला काढणं

मानसशास्त्रज्ञ स्मिथ आणि केंडल यांनी १९६३ मध्ये सुचवलेली तपासणी एका दुपारी होते. जमवलेल्या घटना चिठ्ठ्यांवर लिहा. कुठल्या सक्षमतेची घटना आहे ते लिहू नका. लिहिण्यात सहभागी नसलेल्या आठ-दहा जणांना द्या. प्रत्येकाने एकट्याने दोन गोष्टी करायच्या : चिठ्ठी कुठल्या सक्षमतेखाली जाते ते सांगायचं आणि १ ते ५ मध्ये किती ते लिहायचं. दहांपैकी निदान सातांनी एकाच ठिकाणी टाकलेली आणि गुणांत फार न पसरलेली चिठ्ठी ठेवा, बाकीच्या सोडा. सात हा आकडा काही दगडावरची रेघ नाही, पण तो आधी ठरवा, चिठ्ठ्या पाहून नाही. एखादी घटना निम्म्यांनी ‘निर्णय’ आणि निम्म्यांनी ‘संवाद’ खाली टाकली, तर तुमच्या त्या दोन सक्षमताच एकमेकींत घुसल्या आहेत.

आकडे आल्यावर दोष कुठे आहे ते ओळखणं

पाच सुपरवायझर, दोन व्यवस्थापक. समजा एकाने ४, ४, ३, ५, ४ दिले आणि दुसऱ्याने ३, ३, २, ४, ३. क्रम तंतोतंत तोच, फक्त दुसरा सगळीकडे एक गुण कमी देतो. सहसंबंध काढलात तर १ येईल आणि सगळं छान वाटेल. प्रत्यक्षात एकाही माणसाबद्दल दोघांचा आकडा जुळलेला नाही. इथे ओळ बहुधा ठीक आहे, एकाचा हात सैल किंवा दुसऱ्याचा आखडता आहे. दोघांना तीच लेखी घटना द्या, चिठ्ठीवर गुण लिहून घ्या आणि एकदम उघडा. तोंडी सुरुवात केली तर थोरल्या साहेबांचा आकडा सगळ्यांचा होतो.

याउलट आकडे ४, २, ५, ३, ३ आणि २, ४, ३, ५, ३ असे आले, तर क्रमच बदलला. तेही फक्त याच सक्षमतेत झालं असेल, तर ओळ फोडून पाहा, तिच्यात बहुधा दोन गोष्टी दडलेल्या असतात. तसं नसेल तर दोघांनी वेगवेगळं पाहिलंय का ते विचारा. रात्रपाळी कधीच न पाहिलेल्याकडून रात्रपाळीचं रेटिंग घेऊन उपयोग नाही. आणि सगळीकडे नुसते ३ आले, तर मधल्या पायरीचं वर्णन इतकं गुळमुळीत आहे की कुणीही त्यात बसतो.

पाच माणसांवरून संख्याशास्त्र करू नये, हे मात्र खरं. एवढ्याशा आकड्यांतून फक्त कुणाशी काय बोलायचं ते कळतं.

कोकणात वेळेचीही एक अडचण आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून मूल्यमापन याच काळात उरकायची सोय वाटते. पण तेव्हा ऑगस्ट-सप्टेंबरची धांदल धूसर झालेली असते आणि मे महिन्यातलं भांडण ताजं असतं. पट्टी कितीही चांगली असली तरी आठवणीला टेकून दिलेला आकडा शेवटच्या महिन्याचाच असतो. व्यवस्थापकाने घटना घडल्या त्या आठवड्यात दोन ओळी लिहिल्या पाहिजेत : तारीख, काय झालं, त्याने काय केलं. वहीत ओळ नसेल तर १ किंवा ५ देता येणार नाही, एवढा एकच नियम पुरतो.

हे सगळं करूनही फरक उरतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कलन, माउंट आणि गॉफ यांच्या अभ्यासात रेटिंगमधला निम्म्याहून अधिक फरक रेटिंग देणाऱ्याच्या वैयक्तिक कलाशी जोडलेला आढळला. पट्टीने तो कमी करता येतो, शून्यावर आणता येत नाही. म्हणून शेवटी एकाचे २ आणि दुसऱ्याचे ४ उरले, तर सरासरी काढून ३ लिहू नका. आपल्या पट्टीवर ३ म्हणजे ‘सांगितल्यावर करतो’, आणि तसं करताना त्याला दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नाही. दोन्ही आकडे, त्यांच्यामागच्या घटनांसह, फॉर्मवर तसेच राहू द्या आणि सुपरवायझरशी बोलताना त्या घटनांवर बोला.