रोज शाम्पू बंद केला, मग खाज थांबली

वणी-घुग्गुस रस्त्यावर मी रोज स्कुटीने जाते-येते. कोळशाच्या ट्रकमागे अर्धा तास काढला की डोकं काळं झाल्यासारखं वाटायचं, म्हणून रोज संध्याकाळी शाम्पू करायची. महिनाभरात टाळू ताणल्यासारखी कोरडी पडली, खाज सुटली. आई म्हणायची, "तेल लावल्याबिगर निघत नको जाऊ." मग मी सकाळी खोबरेल लावून निघायला लागले. धूळ त्या तेलाला चिकटून बसायची, मग शाम्पू आणखी जास्त लागायचा.

एका संध्याकाळी पांढरा सुती रुमाल ओला करून भांगावरून फिरवला. काळी रेघ उमटली ती कपाळाकडच्या दोन बोटांत, जिथून स्कार्फ मागे सरकतो. मागचा भाग जवळजवळ स्वच्छ होता. म्हणजे धुवायला हवं होतं थोडंच, झाकायला हवं होतं नीट.

आता सकाळी तेल नाही. हेल्मेटच्या आत भुवयांपर्यंत सुती स्कार्फ, आणि तो मात्र रोज धुते. घरी आल्यावर केस कोरडे असतानाच विंचरते, ओल्या रुमालाने भांग पुसते. शाम्पू दर तिसऱ्या दिवशी: मगभर पाण्यात चमचाभर, बोटांच्या पेरांनी फक्त टाळूला. केसांच्या टोकांना वाहून जाणारा फेस पुरतो. तेल लावायचंच तर धुण्याआधी तासभर.

तीन आठवड्यांत खाज गेली. माझ्या भावाची टाळू तेलकट आहे, घामही भरपूर येतो. त्याला एक दिवसाआड धुवावंच लागतं. पिवळसर चिकट पापुद्रे किंवा पुळ्या दिसल्या तर मात्र त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, ती नुसती धूळ नसते.