लेन्स डोळ्याच्या मागे गेल्यासारखी वाटते तेव्हा या चुका टाळा

रात्री लेन्स काढायला आरशासमोर उभे राहावे आणि उजव्या डोळ्यातली लेन्स जागेवर नसावी, असे झाले की पहिला विचार एकच येतो: ती डोळ्याच्या मागे सरकली. मात्र तसे होणे शरीररचनेतच शक्य नाही. पापणीच्या आतल्या बाजूचा पातळ, ओलसर पडदा घडी घालून परत वळतो आणि बुबुळाभोवतीच्या पांढऱ्या भागावर पसरतो, त्यामुळे तेथे शिवून बंद केलेल्या खिशासारखी जागा तयार होते आणि तिच्या पलीकडे लेन्सला वाटच नसते. वरच्या पापणीखालचा खिसा खालच्यापेक्षा बराच खोल असतो, म्हणून हरवलेली मऊ लेन्स बहुधा तेथेच, अनेकदा दुमडलेल्या स्थितीत, सापडते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लेन्स डोळ्यात आहे की नाही हे न तपासताच ती काढायला बसणे. नसलेली लेन्स चिमटीत पकडण्याच्या प्रयत्नात नखे थेट बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला लागतात. त्याला ओरखडा गेला की डोळ्यात काहीतरी अडकल्यासारखे खुपू लागते, आणि मग माणूस ‘आहे, आहे, अजून आतच आहे’ म्हणून आणखी जोराने शोधतो. त्यामुळे आधी एकेक डोळा झाकून दूरची अक्षरे वाचून पाहावीत. त्या डोळ्याने नेहमीसारखे स्पष्ट दिसत असेल तर लेन्स जागेवरच आहे. धूसर दिसत असेल तर ती सरकली असेल किंवा बाहेर पडली असेल, म्हणून डबी, बेसिन, टॉवेल, गाल आणि कपडे पाहून घ्यावेत. घाईत दोन्ही लेन्स एकाच डोळ्यात घातल्या गेल्याचेही प्रकार घडतात.

दुसरी चूक पाण्याची. नळाच्या पाण्याने डोळा धुऊ नये, कारण त्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव लेन्स वापरणाऱ्याच्या डोळ्याला गंभीर संसर्ग करू शकतो, आणि पाण्याने मऊ लेन्स डोळ्याला अधिक घट्ट चिकटते. हायड्रोजन पेरॉक्साइड असलेले लेन्सचे द्रावण तर डोळ्यात चुकूनही टाकू नये. त्याने तीव्र जळजळ होऊन इजा होऊ शकते.

एक उदाहरण घेऊ. लग्नाहून थकून आलेल्या मुलीने डोळा चोळला आणि मऊ लेन्स दिसेनाशी झाली. वरच्या पापणीखाली काहीतरी टोचते आहे आणि त्या डोळ्याने धूसर दिसते आहे. तिने हात साबणाने धुऊन, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करावेत आणि निर्जंतुक सलाइनचे किंवा लेन्ससोबत चालणाऱ्या ओलावा देणाऱ्या ड्रॉपचे काही थेंब टाकावेत. नंतर डोळा मिटून पाच-दहा मिनिटे थांबावे. ही वाट पाहणे कंटाळवाणे खरे, पण कोरडी लेन्स ओढली तर फाटते आणि ओली झालेली आपोआप सरकते. मग मिटलेल्या पापणीवरून बोटाच्या पेराने, दाब न देता, वरून खाली हलके चोळावे.

तरीही लेन्स आली नाही तर आरसा टेबलावर आडवा ठेवावा, मान किंचित खाली करून नजर आरशात ठेवावी आणि वरची पापणी बोटाने वर उचलावी. उभ्या आरशात पाहताना नजर समोर राहते आणि तो खिसा झाकलेलाच राहतो. नजर खाली असली की वरचा पांढरा भाग उघडा पडतो आणि तेथे लेन्सची फिकट निळसर कड किंवा छोटी दुमड दिसते. दिसलेली लेन्स तेथेच चिमटीत धरू नये, बोटाच्या पेराने खाली पांढऱ्या भागावर सरकवून मगच अलगद काढावी. लेन्स बाहेरच्या कोपऱ्यात असेल तर नजर नाकाकडे वळवावी. कडक लेन्सला मात्र हे चोळणे लागू नाही, तिच्या कडेने बुबुळ खरचटू शकते.

निघालेली लेन्स तळहातावर सलाइनमध्ये उलगडून तिची कड पूर्ण आहे का, हे आवर्जून पाहावे. एखादा तुकडा कमी दिसला तर तो आतच राहिला असण्याची शक्यता असते. तसेच त्या दिवशी त्या डोळ्यात नवी लेन्स घालू नये. तुटकी असो वा धड, सापडलेली लेन्स टाकून देणेच बरे.

दोन-तीनदा प्रयत्न करूनही लेन्स सापडली नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. तेथे फ्लुरेसीन या पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या प्रकाशात पाहतात. मऊ लेन्स तो रंग शोषते आणि लगेच उठून दिसते, शिवाय ओरखडाही त्याच वेळी कळतो. पापणी उलटून खोल खिसाही तपासला जातो. तीव्र वेदना, प्रकाश सहन न होणे, वाढती लाली, चिकट स्राव किंवा लेन्स काढल्यानंतर चश्म्यातूनही धूसर दिसणे यांपैकी काहीही असेल तर घरचे प्रयत्न थांबवून, रात्र असली तरी, तातडीच्या विभागात जावे.

त्रास नसला तरी हरवलेली लेन्स विसरून जाऊ नये. 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलेल्या एका नोंदीत, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या 67 वर्षांच्या इंग्लिश महिलेच्या एकाच डोळ्यात 27 लेन्स निघाल्या होत्या. तिला होणारा त्रास कोरड्या डोळ्यांचा आणि वयाचा आहे, असे ती समजत होती.