भाजीच्या दरफलकाचा फोटो काढून त्याचं अरबी भाषांतर कसं करावं

मराठीत लिहिलेल्या भाजीच्या दरफलकाचं अरबी करताना बहुतेकांचं लक्ष भाज्यांच्या नावांकडे असतं. खरा धोका मात्र आकड्यांत असतो. नाव चुकलं तर वाचणारा समोरची भाजी बघून समजून घेतो, आकडा चुकला तर तो कळायला काही मार्ग उरत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये आकड्यांना जास्त जागा दिली आहे.

उदाहरणासाठी आठ ओळींचा खडूने लिहिलेला फलक धरू आणि वाचणारी व्यक्ती इजिप्तची आहे असं मानू. फलकावर असं लिहिलंय:

```
कांदा ३०
बटाटा ३५/-
टोमॅटो पाव १०
गाजर ६०
दुधी ४०
मेथी जुडी २०
ढोबळी ९०
हि. मिरची पाव २५
```

१. फोटो

फलकाच्या अगदी समोर उभं राहून फोटो घ्या. तिरप्या फोटोत उजवीकडचा दरांचा रकाना आकसतो आणि नेमके आकडेच बारीक होतात. फ्लॅश बंद ठेवा, कारण चकचकीत पाटीवर त्याचा पांढरा ठिपका पडतो आणि त्याखाली एखादा दर नाहीसा होतो. एक फोटो पूर्ण फलकाचा आणि एक फक्त दरांच्या रकान्याचा, जवळून. खडूचा फलक असेल तर कालचे अर्धवट पुसलेले आकडे आजच्या आकड्यांखाली दिसतात. मोठं करून पाहिल्यावर ठळक रेघ कुठली आणि पुसट कुठली हे ठरवता आलं पाहिजे. ते ठरत नसेल तर फोटो पुन्हा काढावा, अंदाजाने आकडा भरू नये.

२. आधी मराठीतच उतरवून घ्या

फोटोवरून थेट अरबीत उडी मारू नका. कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये तीन रकाने करा: भाजी, माप, दर. मापाचा रकाना महत्त्वाचा आहे. फलकावर वर ‘दर प्रति किलो’ लिहिलेलं असलं तरी मिरची, टोमॅटो यांचे दर बरेचदा पावाचे असतात आणि पालेभाजी जुडीवर जाते.

पावाचा दर चारने गुणून किलोचा दर लिहायचा मोह होतो. तसं करू नका. टोमॅटो पाव १० असला म्हणजे किलो ४० ला मिळेलच असं नाही, किलोभर घेणाऱ्याला विक्रेता कमीही लावतो. फलकावर नसलेला दर भाषांतरात येता कामा नये. पाव तो पावच राहू द्या.

आता हस्ताक्षर. खडूच्या घाईत १ आणि ९ एकमेकांसारखे होतात, कारण दोन्हींत एक गाठ आणि एक शेपूट असते. ढोबळीचे ९० आहेत की १० हे त्या एका अक्षराकडे बघून ठरत नसेल, तर त्याच हाताने लिहिलेला खात्रीचा १ शोधा. इथे टोमॅटोच्या १० मध्ये तो आहे. दोन्ही शेजारी ठेवून गाठ कुठल्या बाजूला वळते ते पाहिलं की उलगडा होतो. दुसरी फसगत बटाट्याच्या ओळीत आहे. दरापुढे ओढलेली ‘/-’ ही रेघ सरळ उभी आली तर ३५/- चे ३५१ होतात. फोटोतून मजकूर उचलणारी ॲप्सही ही चूक करतात. ती रेघ फक्त ‘पुढे पैसे नाहीत’ एवढंच सांगते, तेव्हा उतरवतानाच ती गाळून टाका.

उतरवून झालं की दरांची बेरीज करून बाजूला लिहून ठेवा. मापं वेगवेगळी असल्यामुळे या बेरजेला व्यवहारात काही अर्थ नाही, ती फक्त पडताळणीसाठी आहे. आपल्या फलकाची बेरीज ३१० येते.

३. नावं: वाचणारा कुठला, ते आधी ठरवा

कांद्याला بصل (बसल), काकडीला خيار (खियार), लसणाला ثوم (थूम) हे सगळीकडे चालतं. काही भाज्यांची नावं मात्र देशागणिक बदलतात. टोमॅटो इजिप्तमध्ये आणि आखाती देशांत طماطم (तमातिम) आहे, सीरिया, लेबनॉन, जॉर्डनकडे بندورة (बंदूरा). कोबीला इजिप्तमध्ये كرنب (कुरुंब) म्हणतात, सीरिया, लेबनॉनकडे ملفوف (मलफूफ).

बटाट्याच्या बाबतीत हा फरक नुसता बोलीचा राहत नाही. सीरिया, लेबनॉनमध्ये بطاطا (बताता) म्हणजे बटाटा. तोच शब्द इजिप्तच्या माणसाला दाखवला तर त्याच्या डोळ्यांपुढे रताळं येतं, बटाट्याला तो بطاطس (बतातिस) म्हणतो. आपला वाचक इजिप्तचा आहे, म्हणून بطاطس.

मेथीचंही बघा. حلبة (हिल्बा) एवढंच लिहिलं तर मेथीदाणे समजले जातील, इजिप्तमध्ये दाणे उकळून केलेलं पेयही याच नावाने ओळखतात. पालेभाजी सांगायची असेल तर حلبة خضراء, म्हणजे हिरवी मेथी, असं लिहा. कोथिंबीर आणि धणे यांचाही असाच गोंधळ होतो, म्हणून नुसतं كزبرة न ठेवता كزبرة خضراء करावं.

मिरची आणि ढोबळी या दोघींना अरबीत فلفل (फिल्फिल) हाच मूळ शब्द आहे. विशेषण गाळलं तर तिखट आणि बिनतिखट एका नावाखाली येतात. हिरवी मिरची فلفل أخضر حار, यातला शेवटचा शब्द ‘तिखट’ सांगतो. ढोबळीला इजिप्तमध्ये فلفل رومي म्हणतात.

दुधीला قرع (कर्अ) हा शब्द आहे, पण तो लाल भोपळ्यालाही लागतो. قرع أخضر طويل, म्हणजे हिरवा लांब भोपळा, असं लिहिलं की घोटाळा राहत नाही. तोंडलीसारख्या भाजीला रोजच्या वापरातलं अरबी नाव सापडत नसेल तर मराठी उच्चार अरबी लिपीत लिहावा आणि पुढे خضار هندي, म्हणजे भारतीय भाजी, एवढं जोडावं. बळेच जवळचं नाव चिकटवलं की वाचणारा दुसऱ्याच भाजीची वाट बघतो.

गाजराचं جزر (जझर) शब्दकोशात उलटं तपासलंत तर ‘बेटं’ असा अर्थही येईल. स्वरचिन्हं न लिहिल्यामुळे दोन वेगळे शब्द सारखे दिसतात, एवढंच. भाजीच्या यादीत तो गाजरच वाचला जातो.

नावाची खात्री करायची सोपी रीत अशी: अरबी शब्द चित्रशोधात टाका. निघालेल्या चित्रांत आपलीच भाजी बहुसंख्येने दिसली पाहिजे.

४. आकडे

इजिप्तमध्ये आणि आसपासच्या पूर्वेकडच्या देशांत हे अंक वाचतात:

```
٠ ١ ٢ ٣ ٤ ٥ ٦ ٧ ٨ ٩
```

मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात 0 ते 9 असे नेहमीचे इंग्रजी अंक चालतात आणि आखाती देशांत दोन्ही दिसतात. वाचकाचा देश माहीत नसेल तर इंग्रजी अंक ठेवणं सुरक्षित. देवनागरी अंक मात्र कधीही जसेच्या तसे सोडू नका. आपलं शून्य हे पोकळ वर्तुळ आहे आणि अरबीत पोकळ वर्तुळ ٥ म्हणजे पाच. आपला १ गाठ-शेपटीमुळे ٩, म्हणजे नऊसारखा दिसतो. परिणामी टोमॅटोचे ‘१०’ अरबी वाचकाला पंचाण्णव वाटू शकतात. नावं बदलून अंक तसेच ठेवलेल्या फलकावर ही चूक डोळ्यांसमोर असूनही कुणाला दिसत नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या लिपीत तो आकडा बरोबरच वाचत असतो.

अरबी शून्य फक्त एक ठिपका आहे. छापताना तो अक्षराच्या मानाने बारीक पडला तर ٣٠ चे ٣ होतात, त्यामुळे फॉन्ट जरा मोठा आणि ठळक निवडा.

अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात म्हणून अंकही उलटे लिहायचे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. पस्तीस म्हणजे ٣٥, दशक डावीकडे आणि एकक उजवीकडे, आपल्यासारखंच. दर ‘४० ते ५०’ असा असेल तर मधे आडवी रेघ देऊ नका. उजवीकडून डावीकडच्या ओळीत रेघ आणि तिरपी रेघ वेगवेगळ्या वागतात आणि आकड्यांची जागा बदलू शकते. त्याऐवजी शब्दांत लिहा: من ٤٠ إلى ٥٠.

चलन बदलू नका. प्रत्येक ओळीत रुपये लिहिण्यापेक्षा रकान्याच्या डोक्यावर एकदाच روبية लिहावं. यात एक फायदा आहे. अरबीत तीन ते दहासाठी अनेकवचन आणि अकरापासून पुढे एकवचन लागतं, ती कटकट वाचते.

५. मांडणी आणि पडताळणी

तक्त्याची दिशा उजवीकडून डावीकडे करा, म्हणजे भाजी सर्वांत उजवीकडे आणि दर सर्वांत डावीकडे येईल. हे स्पेस मारून जुळवू नका, दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये दिशा बदला. कीबोर्ड अरबीच निवडा. उर्दू कीबोर्डवरचे ی आणि ک दिसायला जवळचे असले तरी संगणकाच्या लेखी वेगळी अक्षरं आहेत, शिवाय त्यावरचे चार आणि सहा वेगळ्या वळणाचे निघतात. आपला फलक असा तयार होतो:

```
الصنف | الوحدة | السعر بالروبية
بصل | كيلو | ٣٠
بطاطس | كيلو | ٣٥
طماطم | ربع كيلو | ١٠
جزر | كيلو | ٦٠
قرع أخضر طويل | كيلو | ٤٠
حلبة خضراء | ربطة | ٢٠
فلفل رومي | كيلو | ٩٠
فلفل أخضر حار | ربع كيلو | ٢٥
```

आता अरबी तक्त्यावरूनच, मराठी न बघता, दरांची पुन्हा बेरीज करा. ३१० आली तर अंक बरोबर उतरलेत. ढोबळीचे ٩٠ चुकून ١٠ झाले असते तर २३० आली असती. बेरीज जुळूनही दोन ओळींच्या दरांची अदलाबदल झालेली असू शकते. त्यासाठी एकाने मूळ फोटो वाचावा आणि दुसऱ्याने अरबी तक्त्यावर बोट ठेवावं.

फोटोवरच अरबी अक्षरं चढवायची असतील तर एकदा طماطم टाइप करून पाहा. अक्षरं जोडलेली न येता ط م ا ط م अशी सुटी किंवा उलट्या क्रमाने आली तर त्या ॲपला अरबी लिपी जोडता येत नाही. तेव्हा तक्ता दुसरीकडे तयार करून त्याचं चित्र फोटोवर ठेवा. भाजीचे दर रोज बदलतात, म्हणून फोटो काढल्याची तारीखही वर त्याच अंकांत लिहा.