जोड्या लावा : पिल्ले, घरे आणि समूह – या चुका टाळा

पहिली-दुसरीच्या ‘जोड्या लावा’मध्ये मूल चुकलं, तर आधी प्रश्नपत्रिका बघा. बऱ्याचदा गडबड तिथेच असते.

सगळ्यात जास्त घोळ समूहदर्शक शब्दांत होतो. डावीकडे गाय, मेंढी, हत्ती, उंट, पक्षी; उजवीकडे कळप, थवा, तांडा आणि पुन्हा दोनदा कळप. मुलाने गायीची रेघ कोणत्या ‘कळप’ला जोडायची? कुठेही जोडली तरी बरोबरच, पण उत्तरसूचीशी जुळवून तपासणारा एखादी रेघ चूक धरतो. एका संचात कळप एकदाच ठेवा : मेंढी–कळप, पक्षी–थवा, उंट–तांडा, माकड–टोळी, मुंगी–रांग. तीच अडचण पिल्लांत. घोडा आणि गाढव दोघांचंही शिंगरूच, तेव्हा दोघांपैकी एकालाच घ्या. कुत्रा-मांजराचंही तसंच, दोघांचं पिल्लूच.

दुसरी चूक मराठीचीच, आणि ती सहज नजरेतून सुटते. डावीकडे ‘पक्ष्यांचा’, ‘मुंग्यांची’ असं लिहिलं, की अर्धं उत्तर आपणच सांगून टाकतो. ‘ची’पुढे फक्त रांग किंवा टोळी बसते, थवा, तांडा, कळप आपोआप बाद. कागद छापण्याआधी प्राण्यांची नावं बोटाने झाका आणि नुसते चा-ची-चे बघून जोड्या लावा. दोन-तीन जुळल्या, तर डावीकडे फक्त ‘पक्षी’, ‘मुंगी’ लिहा.

पाचाला पाच पर्याय दिले, तर चार जमल्यावर पाचवी जोडी न वाचताच लागते. म्हणून उजवीकडे एक-दोन जास्तीचे शब्द टाका. समूहांत ‘जुडी’ आणि ‘घड’ चालतील. मेथी आणि केळी मुलांच्या ओळखीची असतात. बरोबर उत्तर अगदी समोर मात्र नको, आडव्या रेघा ओढून मुलं मोकळी होतात.

घरांचे शब्द जपून निवडा. वारूळ बांधते वाळवी; साप तिथे नुसता शिरतो. मुंगी, साप आणि उंदीर एकाच संचात, आणि समोर वारूळ नि बीळ, असं ठेवलं की वाद ठरलेला. त्याऐवजी गाय–गोठा, घोडा–तबेला, कोंबडी–खुराडे, चिमणी–घरटे, मधमाशी–पोळे घ्या. इथे ‘मोहोळ’ टाळलेलं बरं : सोलापूरच्या पोराला आधी तालुकाच आठवतो!

म्हशीच्या पिल्लाला कुणाच्या घरी रेडकू म्हणतात, कुणाच्या घरी पारडू. पंढरपुरी म्हशींच्या सोलापूर जिल्ह्यात हा शब्द वगळायची गरज नाही. कागदावर एकच छापा, पण तोंडी विचारताना दोन्ही उत्तरं धरा. आणि घरात कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला कोकरू आणि करडू यांत घोटाळा झाला, तर आधी चित्र दाखवून विचारा. मेंढी आणि शेळी त्याने वेगळी ओळखली, तर अडलंय ते फक्त शब्दावर.