मीडियम की लार्ज? अमेरिकेत नवीन आलेल्यांसाठी पिझ्झ्याचा हिशेब

अमेरिकेत नवीन आलेला माणूस पहिले काही महिने प्रत्येक किमतीला मनातल्या मनात रुपयांनी गुणतो. त्यामुळे मेन्यूवर मीडियम 13 डॉलर आणि लार्ज 16 डॉलर दिसला की हात आपोआप मीडियमकडे जातो. वरचे तीन डॉलर म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर, आणि तेही दोन इंचांसाठी! खरी चूक इथेच होते. पिझ्झ्याचा आकार व्यासाने सांगतात, पण आपण खातो ते क्षेत्रफळ. भाकरी थापताना ती दोन बोटं मोठी केली तर पीठ किती जास्त लागतं ते थापणाऱ्याला कळतं. इथेही तोच प्रकार आहे.

बहुतेक साखळी दुकानांत स्मॉल 10 इंची, मीडियम 12 इंची, लार्ज 14 इंची आणि एक्स्ट्रा लार्ज असला तर 16 इंची असतो. हे आकडे व्यासाचे आहेत. भारतातल्या मीडियमवरून इथल्या मीडियमचा अंदाज बांधू नका, इथला मोठा असतो. छोट्या, घरगुती पिझेरियांत तर नावांना काहीच अर्थ नाही. कुणाचा लार्ज 16 इंची, कुणाचा 18. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच: ‘लार्ज किती इंची?’ किंमत त्यानंतर.

क्षेत्रफळ काढायचं ते शाळेतलंच: त्रिज्येचा वर्ग गुणिले 3.14. 12 इंचीची त्रिज्या 6, म्हणून 113 चौरस इंच. 14 इंचीची 7, म्हणून 154. म्हणजे दोन इंचांनी पिझ्झा 36 टक्के वाढला. आता वरच्या किमती घ्या. मीडियम 13 भागिले 113, म्हणजे चौरस इंचाला साडेअकरा सेंट. लार्ज 16 भागिले 154, म्हणजे 10.4 सेंट. लार्ज स्वस्त.

दुकानात उभं राहून एवढं करायची गरज नाही. 12 आणि 14 इंचींमध्ये एकच आकडा लक्षात ठेवा: 1.36. मीडियमच्या किमतीला 1.36 ने गुणा. लार्ज त्याहून कमी असेल तर लार्ज घ्या, जास्त असेल तर मीडियम. 13 ला गुणलं की 17.68 येतात आणि लार्ज 16 ला आहे, विषय संपला. दुसरे आकार असतील तर फोनच्या कॅल्क्युलेटरवर किंमत टाका आणि व्यासाने दोनदा भागा:

```
13 ÷ 12 ÷ 12 = 0.0903
16 ÷ 14 ÷ 14 = 0.0816
```

हे सेंटमधले दर नव्हेत, 3.14 चा भाग यात गाळला आहे. पण तो दोन्हीकडे सारखाच असल्याने तुलना बिघडत नाही. लहान आकडा तो फायद्याचा.

आता ज्या चुकीत सगळ्यात जास्त पैसे जातात ती. ‘लार्ज संपलाय, त्याच किमतीत दोन छोटे देतो’ असं दुकानदार म्हणाला की आपली मंडळी खूश होतात. एकाऐवजी दोन! हो म्हणण्याआधी इंच विचारा. 14 इंचीच्या जागी दोन 10 इंची मिळाले तर 157 चौरस इंच होतात, सौदा बरोबरीचा. 16 इंचीच्या (201) जागी दोन 12 इंची मिळाले तर 226, उलट तुमचाच फायदा. पण 18 इंचीच्या (254) जागी दोन 12 इंची घेतले तर 28 चौरस इंच गेले, म्हणजे मीडियमचा जवळजवळ पाव भाग. आणि 12 इंचीच्या जागी दोन 8 इंची घेतले तर 113 ऐवजी 100. दोन खोके हातात आले म्हणून माल जास्त आला असं होत नाही. मंडळाच्या कार्यक्रमाला दहा-दहा खोक्यांची ऑर्डर देणाऱ्यांनी तर हे लिहून ठेवावं. तिथे ‘माणशी अर्धा मीडियम’ असा हिशेब चालतो आणि इंच कुणीच विचारत नाही.

किंमत पाहताना टॉपिंगसकट पाहा. वरचे आकडे साध्या चीज पिझ्झ्याचे. टॉपिंगचा दर बऱ्याच ठिकाणी आकारागणिक बदलतो, आणि गणित तिथे उलटू शकतं. समजा मीडियमवर एका टॉपिंगचे 2 डॉलर आणि लार्जवर अडीच. एक टॉपिंग घेतलं तर 15 आणि 18.50, तीन घेतली तर 19 आणि 23.50. दोन्ही वेळा लार्ज 1.36 पटीच्या आत राहतो. पण दुसऱ्या दुकानात लार्जवरचं टॉपिंग साडेतीन डॉलरला असेल तर? एक टॉपिंग असताना लार्ज 1.30 पट पडतो, दोन असताना 1.35 पट, म्हणजे काठावर, आणि तिसरं टॉपिंग टाकलं की 1.39 पट. मीडियम स्वस्त झाला. कांदा, ढोबळी मिरची, हालपिन्यो, मशरूम असं सगळं एकाच पिझ्झ्यावर हवं असणाऱ्यांनी म्हणून शेवटची किंमत बघून मगच आकार ठरवावा. तिखटाची हौस लाल मिरचीच्या फुकट पुड्यांवरही भागते.

कूपनमुळेही हेच होतं, आणि जास्त वेळा. अमेरिकेत पिझ्झ्याची छापील किंमत ही भोळ्या गिऱ्हाइकाची किंमत आहे. दुकानाच्या ॲपवर जवळजवळ नेहमी काहीतरी डील असते, आणि ती बहुधा एकाच आकारावर असते. ‘दोन किंवा जास्त मीडियम घ्या, प्रत्येकी 7 डॉलर’ अशी डील असेल तर 7 ला 1.36 ने गुणा: साडेनऊ. लार्ज साडेनऊला मिळत नसेल तर दोन मीडियमच घ्या. 14 डॉलरमध्ये 226 चौरस इंच येतात, चौरस इंचाला सहा सेंटच्या आसपास. छापील दराच्या लार्जपेक्षा हे कितीतरी स्वस्त. ‘लार्ज नेहमीच परवडतो’ असं छातीठोकपणे सांगणारे जुने लोक भेटतील, त्यांनी डीलचं पान उघडलेलं नसतं. मात्र डीलमध्ये किती टॉपिंग धरली आहेत आणि ती घरपोच चालते की फक्त स्वतः जाऊन आणायला, हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते वाचा.

घरपोच मागवत असाल तर पारडं लार्जकडे झुकतं, कारण डिलिव्हरीचे पैसे आकार बघून लागत नाहीत. एका टॉपिंगचेच आकडे घ्या, 15 आणि 18.50. डिलिव्हरी 5 आणि टिप 4 धरली तर 24 आणि 27.50 झाले. मीडियमचा चौरस इंच 21 सेंटला पडला, लार्जचा 18 ला. स्वतः जाऊन आणला असता तर फरक सव्वा सेंटचा होता, आता सव्वातीनचा झाला. आणि हो, डिलिव्हरी फी म्हणजे टिप नव्हे. आणणाऱ्याला टिप वेगळी द्यायची असते. ती वाचवणारे आपले लोक शेजाऱ्यांत आपलंच नाव खराब करतात. टॅक्स दोन्हीवर सारख्याच दराने लागतो, तो तुलनेत धरू नका.

कडेचा भाग हा आणखी एक मुद्दा. पिझ्झ्याची कड साधारण इंचभर कोरडी असते, तिच्यावर ना चीज ना सॉस. ती वजा केली तर 12 इंचीत सॉस-चीजचा भाग उरतो 78 चौरस इंच आणि 14 इंचीत 113. म्हणजे 36 टक्क्यांचा फरक 44 टक्के झाला. घरात मुलं कड ताटात टाकून उठत असतील तर लार्जचा फायदा आपण समजतो त्याहून मोठा आहे. पण ही तुलना एकाच प्रकारच्या पिझ्झ्यांची हवी. पातळ थिन क्रस्ट आणि जाडजूड पॅन यांचा चौरस इंच सारखा पोट भरत नाही. आयताकृती डेट्रॉइट पिझ्झा 8 बाय 10 चा असला तर फक्त 80 चौरस इंच भरतो, पण त्याची उंची बघता 10 इंची थिन क्रस्टशी त्याचा मुकाबला लावणं बरोबर नाही.

तुकडे मोजून वाटणी करू नका. चार मित्र राहतात, शुक्रवारी एक मीडियम, एक लार्ज येतो, आणि मग ॲपमध्ये ‘मी तीन तुकडे खाल्ले’ असा हिशेब सुरू होतो. दोन्ही पिझ्झे आठ तुकड्यांत कापलेले असतील तर मीडियमचा तुकडा 14 चौरस इंचाचा आणि लार्जचा 19 चा. काही ठिकाणी लार्जचे दहा तुकडे करतात, तेव्हा तो 15 वर येतो. तुकडे वाढले म्हणून पिझ्झा वाढत नाही. सेंटासेंटावरून वाद घालायचाच असेल तर निदान चौरस इंचावरून घाला.

एकट्याने राहणाऱ्यासाठी मात्र वेगळं गणित आहे. 15 च्या मीडियमसमोर 18.50 चा लार्ज खरोखर परवडायला त्याचे 154 पैकी किमान 140 चौरस इंच पोटात जायला हवेत. आठातला एक तुकडा जरी कचऱ्यात गेला तरी 135 च उरतात, आणि मीडियम स्वस्त ठरतो. उरलेला पिझ्झा दुसऱ्या दिवशी तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर गरम करून खाणार असाल तरच लार्ज घ्या. फ्रिजमध्ये खोक्यासकट ठेवू नका, जागा अडते आणि पिझ्झा वाळतो, डब्यात ठेवा.

घरात एकजण कडक शाकाहारी असेल तर अर्धा-अर्धा लार्ज मागवण्यापेक्षा दोन मीडियम घ्या, दर थोडा जास्त पडला तरी. अर्ध्या-अर्ध्यात कापणारं चाक एकच असतं आणि पेपरोनीचं तेल इकडे येतंच. काही दुकानं अर्ध्या भागावरच्या टॉपिंगचेही पूर्ण पैसे लावतात, तेही विचारून घ्या.

घरी आणलेला पिझ्झा एकदा मोजून पाहा. भट्टीत कड आत ओढली जाते, आणि 14 ऐवजी साडेतेरा इंच भरला तर 154 चे 143 होतात, म्हणजे सात टक्के गेले. टेप नसेल तर डॉलरची नोट चालते, ती सहा इंचांहून किंचित लांब असते. दोन नोटा टोकाला टोक लावून ठेवल्या की सव्वाबारा इंच होतात. मीडियम त्यांच्या जेमतेम आत बसला पाहिजे. इंचभर कमी भरत असेल तर पुढच्या वेळी त्या दुकानाच्या मीडियमचा हिशेब 11 धरूनच करा, आणि मग 14 इंचीशी तुलना 1.36 ने नव्हे तर 1.62 ने होते.