‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच!

सातपूरच्या कारखान्यातून कंपनीने मला जर्मनीत स्टुटगार्टला पाठवलं. पहिल्याच आठवड्यात ग्राहकाने फोनवर मीटिंग ‘हाल्ब द्राय’ला ठरवली. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, म्हणून मी साडेतीनला पोहोचलो. मीटिंग अडीचलाच सुरू होऊन संपलीही होती.

नाशिकला आईला फोनवर सांगितलं. आई संस्कृतची शिक्षिका. म्हणाली, “अरे, आपला अडीच तरी कुठून आला? अर्धतृतीय, म्हणजे तिसरा अर्धा!” दोन पूर्ण, तिसऱ्याचा अर्धा. जर्मनही तसंच मोजतात. तेव्हापासून हाल्ब ऐकलं की पुढच्या आकड्यातून अर्धा तास वजा करतो.

स्टुटगार्टकडे आणखी एक गंमत आहे: ‘फिअर्टेल द्राय’ म्हणजे सव्वादोन आणि ‘द्राय-फिअर्टेल द्राय’ म्हणजे पावणेतीन. पण हे जर्मनीत सगळीकडे चालत नाही, काही ठिकाणचे लोकच गोंधळतात.

म्हणून आता फोनवरच वेळ चोवीस तासांत परत म्हणून घेतो: “फिअर्त्सेन ऊअर द्रायसिश?” (१४ वाजून ३०). ठेवल्यावर लगेच ईमेल, त्यात वार, तारीख, 14:30. नाशिकचे सहकारी कॉलवर असतील तर भारतीय वेळही लिहितो. उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार.